पिन आत जाते, ट्रे बाहेर येत नाही

सिम बदलायचं म्हणून फोनच्या खोक्यातली ती बारकी पिन शोधून काढतो, भोकात घालतो, अंगठ्याने दाबतो आणि काहीच होत नाही. अशा वेळी कुणाचाही हात एकच गोष्ट करतो, आणखी जोर लावतो. ट्रे जरासा वर आला असेल तर नखात धरून ओढतो. नुकसान होतं ते बहुतेकदा इथेच. ट्रे नुसता अडकलेला असेल तर काम पाच-दहा मिनिटांचं असतं. तो ओढून आतल्या पात्या मोडल्या असतील, तर फोन उघडावा लागतो, कधी बोर्डावर डागकाम करावं लागतं आणि त्याचं बिल सिमच्या किमतीच्या कितीतरी पट होतं.

म्हणून जोर लावायच्या आधी, पिन दाबल्यावर आत नेमकं काय घडतं ते समजून घेऊ. पिन दाबली की आतली स्प्रिंग सुटते आणि ट्रे उडून बाहेर येतो, अशी अनेकांची समजूत असते. पण बहुतेक फोनमध्ये तिथे ट्रे उडवणारी स्प्रिंगच नसते. ट्रेच्या एका कडेला लागून आत एक बारीक पत्र्याची काडी असते आणि अगदी मागे, ट्रेच्या आतल्या टोकापाशी, एका खिळीवर फिरणारी छोटीशी तरफ असते. पिनने काडी आत ढकलली की ती तरफेचं एक टोक मागे रेटते. तरफ फिरते आणि तिचं दुसरं टोक ट्रेला मागून बाहेर लोटतं. म्हणजे आपण आत जितकं ढकलू, साधारण तितकाच ट्रे बाहेर येतो. तेही दोन-तीन मिलिमीटरच. पुढचं काम नखाने करायचं असतं. ट्रे आत राहतो तो घर्षणामुळे आणि बाजूच्या एखाद्या लहानशा उंचवट्यामुळे. पाण्यापासून संरक्षण असलेल्या फोनमध्ये ट्रेच्या तोंडाशी रबरासारखी एक पातळ कडी असते, तीही त्याला धरून ठेवते.

ही रचना डोळ्यांसमोर असली की पिन आपल्याला बरंच काही सांगते. ती दाबताना हाताला काय जाणवतं, याकडे लक्ष द्यायचं. ढोबळ मानाने तीन गोष्टी संभवतात. पिन मऊ काहीतरी लागल्यासारखी आत जाते किंवा कशालाच लागत नाही. नाहीतर ती टणक वस्तूवर टेकते आणि ट्रे तसूभरही हलत नाही. किंवा ट्रे दोन मिलिमीटर बाहेर येतो आणि तिथेच थांबतो. तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि उपायही वेगळे. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की घात होतो.

पहिलीपासून सुरुवात करू. पिन मऊ लागत असेल तर आधी शंका घ्यायची ती भोकाची. फोनच्या कडेला सारख्याच आकाराची दोन-तीन भोकं असतात आणि त्यातलं एखादं माइकचं असतं. काही फोनमध्ये तर माइकचं भोक ट्रेला अगदी खेटून आहे. ओळखायची खूण सोपी आहे. फोन उजेडात तिरपा धरला की ट्रेच्या तोंडाभोवती बारीक लांबट रेघ दिसते. बहुतेक फोनमध्ये ट्रेचं भोक या रेघेच्या आत असतं. रेघेच्या बाहेर, फोनच्या चौकटीत असलेल्या भोकात पिन घालू नये. काही कंपन्या माइक भोकाच्या सरळ रेषेत न ठेवता जरा बाजूला बसवतात, त्यामुळे एकदा चुकून पिन गेली तरी माइक वाचू शकतो. पण तिथे पाणी अडवणारी पातळ जाळी असते आणि ती फाटू शकते. पिन चुकून तिथे गेली असेल तर आवाज रेकॉर्ड करून पाहा, आणि त्या फोनवर पावसात फार विसंबू नका.

भोक बरोबर असूनही पिन कशाला लागत नसेल तर ती तिरपी जात असेल किंवा आखूड पडत असेल. पिन फोनच्या कडेला काटकोनात, अगदी सरळ जायला हवी. जरा तिरपी झाली की काडी चुकते आणि टोक ट्रेच्याच कडेवर घासतं. फोन टेबलावर मऊ कापडावर उताणा ठेवला, एका हाताने दाबून धरला आणि पिन टेबलाला समांतर ठेवून ढकलली, तर हात सरळ राहतो. फोन हवेत धरून दोन्ही हातांनी झटापट करणाऱ्याची पिन हमखास तिरपी जाते.

घरात पिन सापडत नाही तेव्हा काय काय वापरलं जातं, तो एक वेगळाच विषय आहे. पिनची जाडी साधारण ०.८ मिलिमीटर असते आणि तिचं टोक बोथट असतं. या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या. कागदांना लावायची लहान जेम क्लिप सरळ केली तर चालते. मोठ्या क्लिपची तार बऱ्याच फोनमध्ये जातच नाही. स्टेपलरची पिन लगेच वाकते. सेफ्टी पिन आणि सुई टोकदार असल्यामुळे काडीवरून घसरतात आणि भलतीकडे शिरतात. त्यातही सुई वापरायचीच तर मागून, म्हणजे नेढ्याच्या बाजूने. कानातल्या साध्या टॉप्सची दांडी पुष्कळदा नेमक्या मापाची निघते, पण फिरकीच्या कुडीची दांडी मळसूत्री आणि जाड असते, ती घालू नये. दात कोरायची काडी तर मुळीच नको. तिचं टोक आत मोडलं की भोकच बुजतं आणि मग पिनलाही वाट उरत नाही.

दुसरी गोष्ट, टणक लागण्याची. पिन सरळ गेली, काडीवर टेकली, आपण दाबतो आहोत, पण ट्रे जागचा हलत नाही. इथे कारण बहुधा बाहेरचं असतं. फोन पडलेला असतो आणि ट्रेजवळच्या कोपऱ्यात चौकट आत दबलेली असते. ट्रेच्या तोंडाभोवतीची रेघ नीट पाहिली तर ती एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला जवळपास नाहीशी झालेली दिसते. कधी ट्रेच किंचित वाकलेला असतो. कधी तो उलटा किंवा दुसऱ्या मॉडेलचा असून जोराने बसवलेला असतो. कधी दोन-तीन वर्षांत एकदाही न काढल्यामुळे रबरी कडी चिकटून बसलेली असते आणि कडेला धूळ, घाम आणि खिशातली कापसाची बोंडं जमलेली असतात.

अशा वेळी पहिला उपाय उलटा वाटतो. ट्रे बाहेर काढायच्या आधी अंगठ्याने आत दाबायचा. चिकटलेली कडी त्यामुळे सुटते. मग मऊ ब्रशने रेघेतली घाण झाडायची आणि पिन लावून एकाच दमात न दाबता पुन्हापुन्हा हलकेच रेटायची. तेवढ्याने ट्रे अर्धा मिलिमीटर जरी सरकला तरी त्याच्या तोंडावर मजबूत चिकटपट्टीचा तुकडा चिकटवायचा, एका हाताने पिन दाबायची आणि दुसऱ्या हाताने पट्टी सरळ बाहेर ओढायची. तरफेचा धक्का आणि पट्टीची ओढ एकाच वेळी मिळाली की साधा चिकटलेला ट्रे बहुधा येतो. तेल, गंज सोडवायचा फवारा, पावडर यांतलं काहीही घालायचं नाही. ते ट्रेपाशी थांबत नाही, आतल्या पात्यांवर जाऊन बसतं.

काही कारागीर आणखी एक युक्ती करतात. बारीक पण कडक तारेचं टोक जेमतेम एक मिलिमीटर वाकवतात. ते ट्रेच्या भोकातून आत घालतात, फिरवतात आणि ट्रेच्या तोंडाच्या मागे अडकवून बाहेर ओढतात. तरफच वाकली असेल आणि पिनचा काही उपयोग उरला नसेल, तेव्हा ही युक्ती कामी येते. पण तिला एक अट आहे. ट्रे फक्त घर्षणाने अडला आहे, आत कार्ड कशात अडकलेलं नाही, याची खात्री हवी. ती खात्री घरी होणं अवघड, म्हणून हे काम मी दुकानावर सोडेन.

याच प्रकारात एक कारण असं आहे की ते दिसलं तर सगळी खटपट तिथेच थांबवायची. फोनची पाठ फुगली आहे, स्क्रीनची कड उचलली आहे, सपाट टेबलावर ठेवल्यावर फोन डुगडुगतो आहे, तर बॅटरी फुगलेली असू शकते. फुगलेली बॅटरी आतले भाग दाबते आणि ट्रे आवळला जातो. अशा फोनमध्ये पिन खुपसणं, त्याला गरम करणं, पाठ दाबणं हे सगळं धोक्याचं. तो बंद करायचा, चार्जिंगला लावायचा नाही आणि दुरुस्तीला न्यायचा. ट्रेचं नंतर बघता येतं.

आता तिसरी गोष्ट. ट्रे दोन मिलिमीटर येऊन थांबतो. ओढला की रबर ताणल्यासारखा वाटतो आणि सोडला की किंचित मागे जातो. इथे तरफेने तिचं काम केलेलं असतं, ट्रेही मोकळा असतो. आतल्या पात्यांनी कार्डाला धरलेलं असतं.

सिमवर आपल्याला जो सोनेरी चौकोन दिसतो, त्याला फोनच्या आतून बारीक सोनेरी पात्या टेकतात. एका सिमसाठी त्या साधारण सहा असतात, मेमरी कार्डासाठी आठ. प्रत्येक पाती एका टोकाला पक्की बसवलेली असते आणि दुसरं टोक किंचित वर वळवलेलं असतं, म्हणजे कार्ड सरकत आलं की ती दबते आणि कार्डाला टेकून राहते. कार्ड गुळगुळीत आणि सपाट असेल तर ते आत जाताना आणि बाहेर येताना पात्या नुसत्या त्यावरून घसरतात. पण कार्डाला खाच असली, फट असली किंवा एखादी कड उचललेली असली, तर आत जाताना काही होत नाही आणि बाहेर येताना पातीचं टोक त्या कडेखाली शिरतं. मग ती बोराच्या काट्यासारखी वागते, आत जाऊ देते आणि परत येऊ देत नाही. आपण जितकं ओढतो तितकी पाती ताणली जाते आणि शेवटी वाकते किंवा मुळापासून निघते.

ही खाच येते कुठून? जुनं कारण म्हणजे अडॅप्टर. २०१२ मध्ये नॅनो सिम आलं. ते १२.३ बाय ८.८ मिलिमीटरचं. त्याआधीचं मायक्रो सिम १५ बाय १२ मिलिमीटरचं होतं. लहान सिम मोठ्या खोबणीत बसवायला प्लास्टिकच्या चौकटी मिळू लागल्या. त्या चौकटीतून सिम निसटलं किंवा रिकामी चौकटच आत गेली, की मधल्या मोकळ्या जागेत पात्या उठून उभ्या राहतात आणि बाहेर येताना चौकटीच्या काठाला अडकतात. दुसरं कारण कापलेलं सिम. पूर्वी दुकानात कटरने मोठं सिम कापून लहान करून द्यायचे. मोठ्या सिमची जाडी ०.७६ मिलिमीटर आणि नॅनोची ०.६७. कापल्याने लांबी-रुंदी कमी होते, जाडी तशीच राहते आणि कडाही खरबरीत राहतात. एक दशांश मिलिमीटरही नसलेला हा फरक पात्यांना बरोबर कळतो. तिसरं कारण आजही रोज घडतं. बऱ्याच ट्रेंना तळ नसतो, नुसती चौकट असते आणि कार्ड तिच्या बारीक कडेवर टेकलेलं असतं. ट्रे आत ढकलताना फोन जरा कलला की कार्ड कडेवरून घसरतं आणि तिरपं आत जातं.

चौथं कारण मात्र खास आपल्याकडचं म्हणावं असं. साधारण २०१५ नंतर भारतात हायब्रिड ट्रेचे फोन भरपूर विकले गेले. त्यात पहिल्या जागी सिम आणि दुसऱ्या जागी एकतर दुसरं सिम, नाहीतर मेमरी कार्ड. दोन्ही एकदम नाही. पण आपल्या लोकांना दोन्ही हवं होतं. मग कुणीतरी सिम गरम करून त्याची सोनेरी चिप प्लास्टिकपासून सोडवली आणि मेमरी कार्डाच्या पात्यांकडच्या बाजूवर, सिम जिथे आलं असतं नेमक्या त्या जागी, चिकटवून दिली. दोन्हींच्या पात्या वेगवेगळ्या ठिकाणी असल्याने दोन्ही चालू झाली! ही कारागिरी पाहून मला आजही कौतुक वाटतं. फक्त ज्यांनी ती केली, त्यांनी ट्रे परत काढायचा विचार केला नव्हता.

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एका दुरुस्तीच्या दुकानात असा फोन सुटताना मी शेजारी उभं राहून पाहिला आहे. एक काकू आल्या होत्या. ट्रे दोन मिलिमीटर बाहेर आणि तोंडावर नखांचे ओरखडे. दुकानातल्या मुलाने ट्रेला हात लावायच्या आधी विचारलं, “काकू, हा फोन आधी कोण वापरायचं?”

“भाच्याने दिलाय रे मला. त्याने नवीन घेतला.”

“आणि यात दोन सिम आणि कार्ड, तिन्ही चालतात का?”

“हो, तिन्ही चालतात की.”

त्या मॉडेलमध्ये तिन्ही चालणं शक्य नव्हतं, म्हणजे आत चिकटवलेलं काहीतरी होतं. त्याला एवढं पुरलं. मग त्याने जे केलं ते सावकाश सांगण्यासारखं आहे, कारण फट पुरेशी असेल तर हेच घरीही करता येतं.

आधी त्याने काकूंना फोटो कुठे आहेत ते विचारलं. कार्डावर होते. मग फोन केबलने संगणकाला जोडून कार्डावरचं सगळं उतरवून घेतलं आणि त्यानंतरच फोन बंद केला. ही पायरी लोक विसरतात. अडकलेलं कार्ड अजून वाचता येतंय तोवर त्यावरचा माल हलवून घ्यावा, कारण काढताना कार्ड मोडू शकतं. त्यात एक मेख आहे. अँड्रॉइडमध्ये कार्ड ‘अंतर्गत साठवण’ म्हणून जोडलेलं असेल तर त्यावरची माहिती त्या फोनपुरती कुलूपबंद असते. असं कार्ड सुखरूप निघालं तरी दुसऱ्या फोनमध्ये वाचता येत नाही. तेव्हा तर आधी उतरवून घेण्याला पर्यायच नाही.

फोन बंद झाल्यावर त्याने ट्रे ओढला नाही, पुन्हा पूर्ण आत ढकलला. असं केल्याने कडेखाली शिरलेली पाती मोकळी होते. मग फोन उलटसुलट धरून तळहातावर हलकेच आपटला. कार्ड नुसतं तिरपं झालेलं असतं तर एवढ्याने ते ट्रेच्या चौकटीत परत बसलं असतं. म्हणजे फोन अशा बाजूने धरायचा की कार्ड स्वतःच्या वजनाने ट्रेवर पडेल, ट्रेपासून दूर जाणार नाही. तसंच धरून पिन लावायची आणि ट्रे येऊ द्यायचा. साध्या तिरप्या कार्डांची निम्मी गाऱ्हाणी इथेच संपतात, असं तो म्हणाला. या फोनचं नाही संपलं. ट्रे पुन्हा दोन मिलिमीटरवर थांबला.

आता त्याने ड्रॉवरमधून ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक शीटचा जुना तुकडा काढला. ही शीट साधारण ०.१ मिलिमीटर जाडीची असते, म्हणजे वाकते पण चुरगळत नाही. कात्रीने त्याची आठ-नऊ मिलिमीटर रुंद आणि बोटाएवढी लांब पट्टी कापली आणि टोकाचे कोपरे गोल केले. कोपरे गोल करणं फार महत्त्वाचं, नाहीतर पट्टीच पातीखाली घुसते. बॅटरीच्या उजेडात फटीतून पाहून सोनेरी पात्या कार्डाच्या कोणत्या बाजूला आहेत ते त्याने ठरवलं. हे मॉडेलगणिक बदलतं आणि काही ट्रेंमध्ये वर आणि खाली दोन्हीकडे कार्ड असतं, तेव्हा पात्याही दोन्हीकडे असतात. म्हणून पाहिल्याशिवाय पट्टी घालायची नाही.

ट्रेचं तोंड दोन मिलिमीटर बाहेर असलं की त्याच्या मागून, चौकटीच्या काठावरून, पट्टी वाकवून आत सारता येते. ती कार्ड आणि पात्या यांच्यामध्ये जायला हवी. सुरुवातीला ती अडते. अडली की जोर करायचा नाही, जरा मागे घ्यायची, बोटभर बाजूला सरकवायची आणि पुन्हा सारायची. पट्टी कार्डावरून सरकते तेव्हा पात्या एकेक करून तिच्यावर चढतात आणि हाताला बारीक टकटक जाणवते. मी ती ऐकली नाही, पण त्याने बोटाने दाखवून सांगितलं, “ही पहिली. ही दुसरी.” पट्टी सुमारे सव्वा सेंटिमीटर आत गेल्यावर तो थांबला. आता पात्या पट्टीवर होत्या आणि कार्डाला लागत नव्हत्या. मग पट्टी आणि ट्रेचं तोंड दोन्ही चिमटीत एकत्र धरून त्याने सरळ रेषेत बाहेर ओढलं. पट्टी आणि ट्रे एकदम यायला हवेत. पट्टी आधी सुटली तर पात्या पुन्हा कडेवर आणि सगळं परत पहिल्यापासून.

ट्रे आला. मेमरी कार्डावर चिकटवलेली सिमची चिप एका कोपऱ्याला सुटून कागदासारखी वर उचललेली होती. गोंद उन्हाळ्यात सैल झाला असणार. काकू एवढंच म्हणाल्या, “बघ की, काय काय उद्योग करून ठेवलाय!”

त्यानंतरची तपासणी घरीसुद्धा करावी. बॅटरीच्या उजेडात रिकाम्या खोबणीत डोकावायचं. सगळ्या पात्या एका उंचीला आणि एका रेषेत दिसायला हव्यात. एखादी सपाट झालेली, मागे दुमडलेली किंवा नाहीशी झालेली दिसली तर तिला सुईने सरळ करायला जाऊ नये. त्याऐवजी एखादं साधं, सपाट सिम घालून फोन चालू करावा. नेटवर्क आलं तर पात्या ठीक. ‘सिम नाही’ असं आलं तर ते सिम दुसऱ्या जागेत घालून पाहावं. दुसऱ्या जागेत चालतं आणि पहिल्या जागेत नाही, तर दोष खोबणीत आहे. दोन्हीकडे चालत नसेल तर दोष सिममध्येच असू शकतो. या फोनमधली एक पाती किंचित वाकली होती, पण सिम वाचलं जात होतं, म्हणून त्याने तिला हात लावला नाही. वाचतंय ते वाचू द्यावं, या बाबतीत मी त्याच्याच बाजूचा आहे.

ट्रे आला पण कार्ड आत राहिलं, असंही होतं. हे दिसतं भयंकर, पण पात्यांच्या दृष्टीने बरंच सोपं असतं, कारण आता ट्रेचं तोंड मध्ये नसतं आणि फट पूर्ण उघडी असते. फोन बंद करून आधी खोबण जमिनीकडे करून हलकेच आपटावा. सुटं कार्ड कधी कधी एवढ्यानेच पडतं. नाही पडलं तर तीच पारदर्शक पट्टी घ्यायची, तिच्या टोकाला दोन्ही बाजूंनी चिकट असलेल्या टेपचा मिलिमीटरभर तुकडा लावायचा, ती कार्डाच्या प्लास्टिकच्या बाजूवर, म्हणजे पात्यांच्या विरुद्ध बाजूवर, दाबून धरायची आणि सरळ बाहेर आणायची. सोनेरी बाजूवर टेप लावला तर तो पात्यांनाही चिकटतो. झटकन चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब लावून काडी चिकटवायची कल्पना अनेकांना सुचते, आणि तीच सगळ्यात वाईट आहे. तो गोंद पाण्यासारखा पातळ असतो. बारीक फटीत तो आपोआप आत ओढला जातो आणि कार्ड पात्यांसकट कायमचं बसतं. धातूचा चिमटा घालायचाच तर तो बोथट टोकाचा हवा आणि त्याने फक्त कार्डाची कड धरायची.

काही जुने फोन, टॅब्लेट, कॅमेरे आणि गाडीत लावायचे डॅशकॅम यांत मेमरी कार्ड ट्रेशिवाय सरळ खोबणीत जातं. दाबलं की आत बसतं, परत दाबलं की बाहेर येतं. इथे मात्र खरोखरच स्प्रिंग असते आणि एका वळणदार खाचेत फिरणारी बारीक तार तिला धरते. या प्रकारात कार्ड अडकलं तर सहसा ती तार खाचेत अर्ध्यावर राहिलेली असते, म्हणून कार्ड ओढण्याऐवजी बोटाच्या नखाने पूर्ण आत दाबून एकदम सोडायचं. दोन-चारदा केलं की तार पुढच्या टप्प्यावर येते. त्यानेही झालं नाही तर कार्डाच्या बाहेर आलेल्या कडेवर मजबूत टेप लावून, दाबत आणि सोडत, सरळ ओढायचं. कार्डाच्या कडा सुटून त्याचे थर वेगळे झालेले असतील तर आपल्या हाती फक्त वरचा थर येण्याची शक्यता असते. तेव्हा थांबलेलं बरं.

दुकानात फोन उघडायची वेळ येते ती ट्रे वाकलेला असतो, तरफ निखळलेली असते किंवा पट्टी घालायला फटच नसते तेव्हा. पाठीचा गोंद उष्णतेने मऊ करतात, पातळ प्लास्टिकच्या पट्ट्या कडेने फिरवून पाठ सोडवतात, मग आधी बॅटरीची जोडणी काढतात आणि वरचे झाकणाचे स्क्रू काढले की खोबणीचा पत्र्याचा डबा दिसतो. तिथून कार्ड मागून ढकलता येतं. उघडल्यावर पाणी अडवणारा जुना गोंद पुन्हा तसाच बसत नाही, नवीन लावावा लागतो. तो लावणार का, हे आधीच विचारून घ्यावं. नवा ट्रे स्वस्त मिळतो. खोबणी बदलायची असेल तर तिचे बारीक पाय बोर्डावर डागलेले असतात, ते गरम हवेने सोडवून नवी बसवावी लागते. काही मॉडेलमध्ये खोबणी खालच्या वेगळ्या छोट्या बोर्डावर असते, तेव्हा तो अख्खा बोर्डच बदलतात आणि काम सोपं होतं. तुमच्या फोनमध्ये कोणतं आहे, हे कारागिराला फोन उघडायच्या आधीच माहीत असतं. भाव ठरवण्याआधी ते विचारलेलं चांगलं.

आणि इतकं सगळं करण्याआधी एक साधा प्रश्न स्वतःला विचारता येतो. सिम अडकलंय, पण चालतंय ना? नेटवर्क येतंय, फोन लागतोय, ओटीपी येतायत, तर ते काढायची घाई नेमकी कशासाठी आहे? फोन बदलायचा म्हणून असेल तर जुनं सिम न काढताही मार्ग आहे. नव्या फोनमध्ये ई-सिम चालत असेल तर नंबर ई-सिमवर नेता येतो. जिओ, एअरटेल आणि व्हीआय या तिन्ही कंपन्या ती सोय देतात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये २०२२ च्या १४ क्रमांकाच्या मॉडेलपासून सिमचा ट्रेच ठेवलेला नाही. ई-सिम चालत नसेल तर ओळखपत्र घेऊन कंपनीच्या दुकानात त्याच नंबरचं नवीन सिम घ्यायचं. ते सुरू झालं की आत अडकलेलं जुनं सिम आपोआप निरुपयोगी होतं, ते काढायलाच नको.

सिम बदलताना मात्र एक वेळापत्रक सांभाळावं लागतं. दूरसंचार विभागाच्या नियमामुळे नवं सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास त्या नंबरवर एसएमएस येत-जात नाहीत. चोराने तुमच्या नावावर परस्पर सिम काढलं तर त्याला ओटीपी मिळू नये म्हणून ही सोय आहे. पण प्रामाणिक माणसालाही ती तितकीच लागू पडते. त्या दिवसात बँकेचं हप्त्याचं काम, रेल्वेचं तत्काळ तिकीट किंवा कुणाला तातडीने पैसे पाठवायचे असतील, तर सिम बदलायचं काम त्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवावं.